पूर्ण पेपरचं पोस्टर करायचंय? अध्यक्षांना पत्र असं लिहा

परिषदेला पेपर पाठवून झाला, पण त्यातला एकच निष्कर्ष पक्का आहे? मग पोस्टरसाठी विनंती करता येते. समजा, पेपर विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. मसुदा असा:

"माननीय अध्यक्ष,
आमचा पेपर (क्रमांक, शीर्षक) पोस्टर म्हणून स्वीकारावा, ही विनंती. पावसाळ्यापूर्वीची मोजणी पूर्ण आहे. नंतरची अपुरी असल्याने दोन ऋतूंची तुलना आम्ही मागे घेत आहोत. पोस्टरचे चार भाग असतील: प्रश्न, नमुने घेण्याची पद्धत, विहिरींचा नकाशा आणि ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही भारतीय मानकाची मर्यादारेषा दाखवणारा नायट्रेटचा आलेख, निष्कर्ष व मर्यादा. पूर्वसंशोधन दोन वाक्यांत येईल. लेखक तेच राहतील. सुधारित सारांश जोडला आहे. इतिवृत्तात पूर्ण पेपर छापला जाईल की फक्त सारांश, हे कृपया कळवावे.
आपला विश्वासू"

यात दोन वाक्यं गाळू नका. पहिलं, काय मागे घेतोय ते. परीक्षकांनी वाचलेला मजकूर आणि पोस्टर यांत फरक का आहे, हे अध्यक्षांना त्यावरूनच कळतं. दुसरं, इतिवृत्ताबद्दलचा प्रश्न. पूर्ण पेपर तिथे छापला गेला, तर तोच मजकूर जर्नलला देताना अडचण येऊ शकते.

आकाराची सूचनाही आधी वाचा. ए-झीरो म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. त्यावर पेपरचे परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले, तर उभ्याने कोणी वाचत नाही.

पत्र पाठवण्याआधी सगळ्या सहलेखकांची संमती जरूर घ्या.