तिसऱ्या ठोक्यावर टाळी

तीनच्या पाढ्याचा व्हिडिओ करायचा, तर त्याला नवी चाल शोधू नये. ‘तीन एके तीन, तीन दुणे सहा’ यात मुळातच ठेका आहे. संहिता लिहिताना खरा विचार करायचा तो टाळी कुठे पडावी याचा. प्रत्येक शब्दावर टाळी वाजवली, तर वर्ग दणाणून जातो, पण तीन-तीनचे गट मुलांच्या कानाला कळत नाहीत.

म्हणून पहिल्या फेरीत पाढा नकोच. मांडीवर थाप, मांडीवर थाप, मग टाळी. एक, दोन हळू आवाजात आणि ‘तीन!’ मोठ्याने, चार, पाच हळू, ‘सहा!’ मोठ्याने; असं तीसपर्यंत. दर टाळीला पडद्यावर तीन चिंचोक्यांची एक रांग उमटते. सातवी टाळी पडते तेव्हा सात रांगा दिसतात आणि मुलांच्या तोंडी एकवीस असतो. तीन साती म्हणजे काय, ते इथेच डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या फेरीत थापा तशाच, पण मधले आकडे मनात. फक्त तीन, सहा, नऊ मोठ्याने.

पाढा येतो तिसऱ्या फेरीत. आता ठेका चार मात्रांचा :

बाई : तीन (थाप) साती (थाप)
मुलं : एकवीस! (टाळी)
चौथी मात्रा मोकळी. याच वेळी पडद्यावर २१ दिसतो.

आकडा टाळीच्या आधी दाखवला, तर मुलं आठवत नाहीत, नुसतं वाचतात. मोकळी मात्रा श्वासासाठी हवीच. सेकंदाला एक मात्रा धरली, तर ओळीला चार सेकंद आणि सगळ्या पाढ्याला चाळीस सेकंद लागतात. वेग ठरवताना मात्र ‘तीन नवे सत्तावीस’ म्हणून बघावं. ‘तीन एके तीन’च्या सोयीने ठेका पळवला की सत्तावीस पुढच्या ओळीवर सांडतो आणि वर्ग विस्कटतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज कधी कधी चित्रामागे राहतो. तेव्हा मुलं बाईंचे हात बघून एक टाळी वाजवतात आणि आवाज ऐकून दुसरी. अशा वेळी वायरचा स्पीकर लावावा.

ठेक्याला एक मर्यादा आहे, आणि व्हिडिओने ती सांभाळलीच पाहिजे. ओळीने घडाघडा पाढा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘तीन साती?’ विचारलं, की ओठ हलू लागतात : तीन एके तीन, तीन दुणे सहा… याचा अर्थ त्याला क्रम पाठ झाला आहे, सुटं उत्तर अजून हाताशी आलेलं नाही. म्हणून शेवटच्या फेरीत ‘तीन पाचे पंधरा’ हा मुक्काम धरावा. पडद्यावर पाच रांगा तयार असाव्यात, बाईंनी ‘तीन साती?’ विचारून थांबावं. मुलं दोन टाळ्या वाजवतात : अठरा, एकवीस. मग तीन आठी, मग मागे येऊन तीन चोक. जे मूल अजूनही ‘एके’पासूनच सुरुवात करतं, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरी फेरी द्यावी, चारच्या पाढ्याची घाई करू नये.