खात्यात जमा, तरी पक्के नाही

मलकापूर-बांबवड्याच्या पट्ट्यातून कोल्हापुरी चपला इन्स्टाग्रामवर दाखवायच्या, स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डर घ्यायची आणि जोड थेट न्यू जर्सीला किंवा लंडनला पाठवायचा, यात आता नवल राहिलेले नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, त्यावर गदारोळ झाला आणि परदेशातल्या चौकशा आणखी वाढल्या. विक्रेत्याला चामडे कळते, पायाचे माप कळते, कुरिअरवाल्याशी घासाघीस कशी करायची हेही कळते. अडते ते परदेशी पेमेंट कंपनीच्या करारापाशी. तो पन्नास पानी इंग्रजी मजकूर न वाचता खाली खूण करूनच सगळे पुढे गेलेले असतात.

अशा विक्रेत्यांचे हिशेब पाहताना मला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो, "साहेब, पैसे बँकेत आले, म्हणजे व्यवहार मिटला ना?" नाही मिटला. करारातली सेटलमेंट, रिझर्व्ह आणि चार्जबॅक ही कलमे वेगवेगळ्या पानांवर असली तरी ती एकत्रच वाचावी लागतात. सेटलमेंटच्या कलमात बहुतेक वेळा एक वाक्य असते. तुमच्या खात्यात टाकलेली रक्कम ग्राहकाच्या बँकेच्या पुढील निर्णयाच्या अधीन आहे आणि व्यवहार उलटला तर ती तुमच्याकडून परत घेतली जाईल, असा त्याचा अर्थ असतो. व्यवहाराच्या भाषेत ही उचल आहे. कंपनी तुम्हाला पैसे आगाऊ देते आणि ते परत मागण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते.

हा हक्क किती दिवस टिकतो, ते कार्डांच्या नियमांवर ठरते. परदेशी ग्राहकाने कार्डाने पैसे भरले असतील तर तो तुमच्याशी न बोलता स्वतःच्या बँकेत तक्रार करू शकतो. माल आला नाही, सांगितला तसा नाही, किंवा हा व्यवहार मी केलाच नाही, अशी तिथली ठरलेली कारणे आहेत. व्हिसाच्या नियमांत त्यांना क्रमांकही आहेत. 13.1 म्हणजे माल मिळाला नाही, 13.3 म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही, 10.4 म्हणजे कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक. बँक ग्राहकाच्या खात्यात पैसे परत टाकते, ती रक्कम पेमेंट कंपनीकडून वसूल करते आणि पेमेंट कंपनी तुमच्याकडून. हाच चार्जबॅक. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ग्राहक जी तक्रार नोंदवतो, ती वेगळी. तिथे तुम्हाला निदान बोलायला जागा असते. चार्जबॅकचा निकाल बँक देते, पेमेंट कंपनी तुमचे कागद फक्त पुढे पाठवते.

मुदत साधारण 120 दिवसांची असते. माल न मिळाल्याची तक्रार असेल तर हे दिवस माल पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजले जाऊ शकतात. एक ऑर्डर घेऊ. ग्राहकाने 1 ऑक्टोबरला पैसे भरले आणि वेबसाइटवर 25 ऑक्टोबरपर्यंत पोहोच लिहिली आहे. अशा ग्राहकाला 22 फेब्रुवारीपर्यंत तक्रार करता येते. त्या पैशांतून तोवर कारागिराची मजुरी देऊन झालेली असते आणि पुढच्या लॉटचे चामडेही येऊन पडलेले असते.

आता रिझर्व्ह. ही जोखीम कंपनीलाही माहीत असते, म्हणून ती तुमच्याच पैशांतला काही भाग अडकवून ठेवते. सर्वात जास्त दिसणारा प्रकार फिरत्या रिझर्व्हचा. रोजच्या विक्रीतले ठरावीक टक्के बाजूला काढायचे आणि ठरावीक दिवसांनी सोडायचे. पेपालच्या करारात उदाहरण म्हणून दहा टक्के आणि नव्वद दिवस दिले आहेत, आपणही तेच धरू. दुसऱ्या प्रकारात एक किमान रक्कम सतत शिल्लक ठेवावी लागते. ती आधीच भरावी लागते किंवा विक्रीतून साठवली जाते.

समजा, बांबवड्याजवळचा एक विक्रेता महिन्याला 50 जोड 60 डॉलरने विकतो. उलाढाल 3,000 डॉलर. एका जोडावर कंपनीचे शुल्क 3 डॉलर, जोड बनवायला 18 आणि पाठवायला 20 डॉलर धरू. सगळे वजा जाता हातात 19 डॉलर उरतात. दहा टक्के रिझर्व्ह लागला की 60 डॉलरच्या ऑर्डरमागे बँकेत 51 येतात, सहा अडकतात. पहिल्या महिन्यात 300 डॉलर अडकले, दुसऱ्यात 300, तिसऱ्यात 300. चौथ्या महिन्यापासून पहिले 300 सुटू लागतात, पण तेवढेच नवे अडकतात. त्यामुळे 900 डॉलर कायमचे आत राहतात. 50 जोडांचा बनवण्याचा खर्चही नेमका 900 डॉलर आहे. म्हणजे एका महिन्याची चामड्याची आणि मजुरीची रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून राहते. धंदा वाढला की हा आकडाही त्याच पटीत वाढतो, हे विशेष. विक्री दुप्पट झाली तर 1,800 डॉलर अडकणार, आणि नेमक्या त्याच वेळी कारागिरांना उचल द्यायला पैसे लागणार. दिवाळीच्या तोंडावर हे हमखास घडते, कारण अचानक वाढलेली विक्री हेच रिझर्व्ह लावायचे एक नेहमीचे कारण असते. चार्जबॅकचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास जाणे किंवा पैसे घेतल्यावर माल खूप उशिरा पोहोचणे ही इतर कारणे. कलमात मात्र बहुधा "आमच्या विवेकानुसार" एवढेच असते. आपण कारण विचारायचेच, पण सविस्तर उत्तराची आशा कमी.

वरच्या ऑर्डरचा रिझर्व्ह 30 डिसेंबरला सुटेल. ग्राहकाचा हक्क 22 फेब्रुवारीपर्यंत जिवंत आहे. तेव्हा रिझर्व्हचे सहा डॉलर परत आले म्हणजे त्या ऑर्डरची जोखीम संपली असे समजू नये. दुसरी गोष्ट, चार्जबॅक आला की पैसे रिझर्व्हमधूनच कापले जातील असे विक्रेता गृहीत धरतो. कराराने कंपनीला निवडीचा हक्क असतो. ती आधी चालू सेटलमेंटमधून वसूल करते आणि रिझर्व्ह शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवते. तिच्या जागी कोणीही तेच करील, पण आपल्याला त्या आठवड्यात बँकेत कमी पैसे का आले, याचा हिशेब लागत नाही.

एक चार्जबॅक किती महाग पडतो? ग्राहकाचे 60 डॉलर गेले. समजा दंडाचे शुल्क 20 डॉलर आहे. मूळ व्यवहाराचे 3 डॉलर बहुधा परत मिळत नाहीत. चप्पल गेली, टपाल गेले. सुरुवातीला 57 आले होते, आता 80 कापले, म्हणजे 23 उणे, आणि त्यात जोडाचे 18 व पाठवणीचे 20 मिळवले की 61 डॉलरची झळ. प्रत्येक जोडावर 19 डॉलर सुटत असतील तर हे भरून काढायला तीनाहून अधिक जोड विकावे लागतात.

कोल्हापुरीच्या धंद्यात 13.3 चा चार्जबॅक कुठून येतो, ते पाहू. भारतातला आठ नंबर हा ब्रिटनच्या मापाचा असतो. अमेरिकेतला पुरुषांचा नऊ नंबर साधारण त्याच्या जोडीचा. वेबसाइटवर नुसतेच "8" लिहिले तर अमेरिकन ग्राहकाला जोड एक माप मोठा मिळतो आणि तक्रार खरी ठरते. दुसरी तक्रार रंगाची. वनस्पतीजन्य कमावणीचे चामडे प्रत्येक जोडात सारखे उतरत नाही, फोटोत फिका वाटलेला जोड हातात गडद दिसतो. विक्रीच्या पानावर इंचात मापे, पायाखालच्या तळाची लांबी आणि रंगातल्या फरकाची स्पष्ट सूचना लिहिलेली असेल तर बँकेला द्यायला कागद तरी असतो. भांडण सुरू झाल्यावर पान दुरुस्त करून उपयोग नाही. ऑर्डरच्या दिवशी पानावर काय लिहिले होते, त्याचा स्क्रीनशॉट हवा.

माल न मिळाल्याच्या तक्रारीत ट्रॅकिंग क्रमांक लागतो, आणि त्यावरचा पत्ता ऑर्डरमधल्या पत्त्याशी जुळला पाहिजे. ग्राहक मेसेजवर सांगतो, "भावाच्या घरी पाठवा," आणि आपण भलेपणाने पाठवतो. तिथे संरक्षण संपले. पेपालच्या नियमांत 750 डॉलर किंवा अधिकच्या व्यवहाराला पोहोचेची सहीही लागते. आपल्या उदाहरणात तो प्रश्न येत नाही, पण वीस जोडांची एक ऑर्डर आली तर येईल.

टपालाचा भरवसा धरला आणि टपालच थांबले, असेही झाले आहे. अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांची करसवलत काढून घेतली आणि भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेला जाणारी पार्सले थांबवली, सेवा ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली. त्या दरम्यान पैसे घेऊन बसलेल्या विक्रेत्याचा दोष नव्हता. पण 13.1 मध्ये दोष कोणाचा, हे पाहिलेच जात नाही; माल मिळाला की नाही, एवढेच पाहतात. अशा वेळी ग्राहकाला लगेच कळवून पैसे परत करावेत. परतावा दिला की चार्जबॅकचे शुल्क लागत नाही आणि प्रमाणही बिघडत नाही. मात्र चार्जबॅक आधीच दाखल झाला असेल तर वेगळा परतावा देऊ नये, नाहीतर तीच रक्कम दोनदा जाते. एक तर तक्रार मान्य करावी किंवा मुदतीत पुरावे द्यावेत. मुदत फारच कमी असते, काही कंपन्यांत दहा दिवस. आंबा घाटात पाऊस लागला की नेट दोन दिवस जाते, म्हणून कंपनीची ईमेल दुकानातल्या दुसऱ्याच्याही फोनवर येईल अशी सोय करावी.

पैसे अडकण्याचे कारण नेहमी ग्राहकच असतो असेही नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये पेपालने भारतातल्या खात्यांतून स्थानिक बँकेत पैसे काढणे थांबवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांसाठी नियम केले आणि निर्यातीच्या एका व्यवहाराला 500 डॉलरची मर्यादा घातली. ती पुढे 3,000 आणि मग 10,000 डॉलर झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये सीमापार पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठी नवी चौकट आली, त्यात एका वस्तूची कमाल किंमत 25 लाख रुपये ठेवली होती. नियामकाच्या आदेशाने पैसे थांबवता येतात, असे कलम जवळजवळ सगळ्या करारांत असते आणि त्याविरुद्ध विक्रेत्याला फारसे काही करता येत नाही.

सेटलमेंटच्या पत्रकाचा आणखी एक त्रास म्हणजे आकडे जुळत नाहीत. बिल 60 डॉलरचे, बँकेत 51 आले, तेही त्या दिवशीच्या दराने रुपयांत. हा दर पेमेंट कंपनी स्वतःची कमाई ठेवून लावते. निर्यातीचे बिल मात्र 60 चेच दाखल झालेले असते. बँकेने विचारले की शुल्क किती, रिझर्व्ह किती आणि परतावा किती, हे दाखवावे लागते. दर महिन्याचे पत्रक त्याच महिन्यात उतरवून घ्यावे, आणि रिझर्व्हची वेगळी वही ठेवावी: कोणत्या तारखेला किती अडकले आणि कधी सुटायला हवे. सुटायच्या दिवशी रक्कम न आल्याचे अशा वहीवरूनच कळते.

खाते बंद करतानाही घाई करू नये. बंद झाल्यावरही कंपनी शिल्लक रक्कम 180 दिवसांपर्यंत, काही करारांत त्याहून जास्त, रोखून ठेवू शकते, कारण त्या काळात जुन्या ऑर्डरींवर तक्रारी येऊ शकतात. तोवर करारात दिलेले बँक खाते, फोन क्रमांक आणि ईमेल चालूच ठेवावेत.