परवा रात्री झोप झाली का?

माझी समुपदेशनाची खोली घराच्या पुढच्या पडवीत आहे. सुरुवातीला येणारी माणसं चपला बाहेर पायरीवर काढायची. महिनाभरातच समोरचा किराणावाला सहज बोलून गेला, "मॅडम, काल डेअरीवाल्यांची सून आली होती ना?" त्याने तिला पाहिलं नव्हतं, फक्त तिच्या चपला पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी चपलांचा स्टँड दाराच्या आत घेतला.

वीस-बावीस हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावात माझ्याकडे येणारा माणूस पूर्ण अनोळखी असेल, अशी शक्यता फार कमी. तो शेजारचा असतो, नवऱ्याच्या ऑफिसातला असतो, नाहीतर मी आठवड्यातून तीन दिवस ज्या शाळेत बसते तिथल्या मुलाचा बाप असतो. समुपदेशनाखेरीज असं आणखी एखादं नातं असलं, की आमच्या व्यवसायात त्याला दुहेरी नातं म्हणतात. ते टाळावं, असं आम्हाला शिकताना सांगितलेलं असतं. शहरात ते जमतं. इथे मी नाही म्हटलं, तर पुढचा समुपदेशक जिल्ह्याच्या गावी, एसटीने दोन तासांवर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००२ साली मंजूर केलेल्या आचारसंहितेतही प्रत्येक दुहेरी नातं गैर ठरवलेलं नाही. ज्या नात्याने समुपदेशकाची तटस्थ बुद्धी बिघडू शकते, किंवा समोरच्याचं शोषण वा नुकसान होऊ शकतं, तेवढ्यालाच तिथे मज्जाव आहे. वाचायला हे सोपं वाटतं. पण बुद्धी बिघडते आहे हे ज्याची बिघडते त्यालाच शेवटी कळतं.

माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आठवीतला एक मुलगा वर्गात झोपायचा, म्हणून शिक्षकांनी त्याला माझ्याकडे पाठवला. तिसऱ्या भेटीत तो बोलता झाला. रात्री घरात भांडणं होतात आणि आईला मार बसेल या भीतीने तो जागा राहतो. "आईला सांगू नका, मी ऐकतो ते तिला माहीत नाही," असं त्याने बजावलं. त्याची आई माझ्याच भिशीत होती. बारा बायका, महिन्याला दोन-दोन हजार, दर महिन्याला एकीच्या घरी चहा-चिवडा. एका संध्याकाळी भिशी संपल्यावर ती मागे रेंगाळली आणि स्वयंपाकघरात कपबश्या विसळता विसळता म्हणाली, "ताई, मलाही तुमच्याशी बोलायचंय." मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण ती रडत होती आणि तिला 'थांबा' म्हणायला मला क्रूर वाटलं. तासभर मी ऐकत राहिले. नवऱ्याचं पिणं, सासूचे टोमणे, आणि परवा रात्री त्याने फेकलेलं ताट.

दोन दिवसांनी मुलगा आला. मी विचारलं, "परवा रात्री झोप झाली का?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परवाच्या रात्रीबद्दल त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला आईने सांगितलं?" असं त्याने विचारलं आणि पुढची वीस मिनिटं "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे तो गेला नाही. माझ्या तोंडून कुठलंही गुपित फुटलं नव्हतं, नावसुद्धा निघालं नव्हतं. फक्त एका शब्दाला दुसऱ्या दाराने आलेल्या माहितीचा वास होता. छोट्या गावात नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. लफडी आणि पैशांचे घोटाळे लोकांना दिसतात. पण माणूस समुपदेशकासमोर तोलूनमापून बोलायला लागतो, तेव्हा आवाज होत नाही.

मी चूक कबूल केली. "तुझी आई माझ्याशी बोलली, आणि ते माझ्या प्रश्नात आलं. तू सांगितलेलं मात्र मी तिला सांगितलेलं नाही." त्याने मान हलवली. पुढच्या वेळी तो आला, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

आता त्या आईचं काय करायचं? मायकल गॉटलिब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली अशा पेचासाठी तीन गोष्टी तपासायला सुचवल्या: दोघांत सत्तेचा फरक किती, नातं किती काळ चालणार, आणि त्याचा शेवट ठरलेला आहे का. मी कागदावर लिहून काढलं. सत्ता: मुलाबद्दल माझं मत शाळेत ऐकलं जातं, त्यामुळे आई माझ्यापुढे मोकळी राहूच शकत नाही. काळ: मुलगा दहावीपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षं. शेवट: गल्ली तीच, बाजार तोच, म्हणजे शेवट नाहीच. तिन्ही उत्तरं एकाच बाजूला पडली. शिवाय मुलगा आधी आला होता.

पुण्यातल्या माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंशी फोनवर बोलले. त्यांना गाव, इयत्ता, बापाचा धंदा काहीच सांगितलं नाही, कारण त्यांचं आजोळ आमच्याच तालुक्यातलं निघालं होतं.

मग आईला शाळेत बोलावलं. पालक म्हणून मुलाबद्दल कधीही भेटा, पण तुमच्या संसाराचं समुपदेशन मी करू शकणार नाही, असं सांगितलं. नुसतं नाही म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. म्हणून तिला जिल्ह्याच्या समुपदेशकाचा नंबर दिला, ती फोनवरही बोलते. शिवाय सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिला, तो दिवसरात्र मोफत चालतो. मारहाण होते आहे म्हणून ती रात्री कुठे जाऊ शकते, हेही तिथेच बसून ठरवलं. जीव धोक्यात असताना मी तुमची समुपदेशक नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. ती उठताना म्हणाली, "भिशीत मांडीला मांडी लावून बसता, आणि मलाच नाही म्हणता?" मी भिशी सोडली, पण फेरी पूर्ण झाल्यावर. मध्येच सोडली असती, तर बाकीच्या दहाजणींनी कारण शोधलं असतं आणि त्यांना ते सापडलंही असतं.

त्यानंतर मी पहिल्याच भेटीत प्रत्येकाला काही गोष्टी सांगते. रस्त्यात मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथल्या विषयावर नाही. जीवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला गुप्तता मोडावी लागेल. दुसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. फी रोख द्या, कारण यूपीआयच्या मेसेजमध्ये माझं नाव येतं आणि फोन घरात चारजण पाहतात. जवळच्या नातेवाइकांना मी घेतच नाही. तिथे मी त्या घरच्या भांडणातली एक बाजू असते, मला आवडो न आवडो.

सगळ्यात जास्त सराव लागला तो एका उत्तराचा. बाजारात कुणीतरी विचारतंच, "आमची सून येते का हो तुमच्याकडे?" आधी मी, न येणाऱ्यांबद्दल "नाही हो" म्हणायचे आणि येणाऱ्यांबद्दल गप्प राहायचे. म्हणजे माझं गप्प राहणं हाच होकार झाला होता. आता सून येत असो वा नसो, उत्तर एकच: "कोण येतं ते मी कुणालाच सांगत नाही." न येणाऱ्यांबद्दल हे म्हणताना अजून जीभ अडखळते, कारण उगाच संशय ठेवल्यासारखं वाटतं.

तो मुलगा दहावी होऊन आयटीआयला गेला. सायकलवरून जाताना कधी हात करतो. त्याची आई बाजारात मला पाहून दुसऱ्या गाडीकडे वळते. नियमाने मी आधी हाक मारत नाही. पण ती माझ्याकडे अशी कधी आलीच नव्हती, त्यामुळे हा नियम तिला लागू होतो का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.