जुलाब नव्हे, बद्धकोष्ठता!

पुण्यातील एका निवृत्त शिक्षिकेची ही हकिगत. वय ब्याऐंशी, अल्झायमरचे निदान होऊन सहा वर्षे झालेली. बोलणे तीन-चार शब्दांवर आलेले, मात्र स्वभाव शांत. गेल्या पावसाळ्यात त्यांचे वागणे एकाएकी बदलले. दुपारी चार वाजले की त्या खुर्चीतून उठू पाहत, गाऊन ओढत, डायपर बदलायला आलेल्या मावशींच्या हातावर फटके मारत. जेवण दोन घासांवर आले. आजार पुढच्या टप्प्यात गेला, असा घरच्यांनी अर्थ लावला आणि रात्री शांत झोप लागावी म्हणून एक गोळी सुरू झाली. आठवडाभराने त्यांना दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होऊ लागले. पोट बिघडले असे समजून औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी आणण्यात आली. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, लघवी अडली आणि धावपळ करून डॉक्टरांना घरी बोलवावे लागले.

डॉक्टरांनी हातमोजा घालून गुदद्वारातून तपासणी केली, तेव्हा गुदाशय दगडासारख्या कडक मलाने ठासून भरलेला आढळला. म्हणजे आजींना झालेले जुलाब हे जुलाब नव्हतेच. ती बद्धकोष्ठता होती.

हे कोडे उलगडण्यासाठी आतड्याचे काम समजून घ्यावे लागेल. मोठे आतडे मलातील पाणी शोषून घेते. मल जितका काळ आत थांबेल, तितका तो कोरडा आणि टणक होतो. अखेर त्याचा गोळा गुदाशयात अडकतो. त्याच्या वरच्या बाजूला साचलेला पातळ मल मग या गोळ्याच्या कडेने पाझरत खाली येतो. सतत ताणलेल्या गुदाशयाची संवेदना बोथट झालेली असते, त्यामुळे हा पाझर रोखला जात नाही. डायपरमध्ये दिसतो तो एवढाच. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपरामाइडसारखी गोळी दिली, तर आतड्याची हालचाल आणखी मंदावते आणि गोळा जागचा हलत नाही. हाच गोळा मूत्राशयाच्या तोंडाशी दाब देतो आणि लघवी तुंबते.

खऱ्या जुलाबाचा आणि या पाझराचा फरक घरीही बऱ्याच अंशी ओळखता येतो. पाझर थोडा-थोडा, वारंवार आणि बहुधा आपसूक होतो. त्याआधी काही दिवस नीट शौच झालेले नसते. पोट फुगलेले असते, डाव्या बाजूला खालच्या भागात हात लावला तर कधी कधी घट्ट गाठीसारखे लागते. अन्नातून विषबाधा झाली असेल, तर मात्र शौच एकाएकी आणि भरपूर होते. बरोबर ताप किंवा उलटीही असू शकते. शंका असेल तेव्हा गोळी देण्याआधी डॉक्टरांकडून गुदाशय तपासून घेणे हाच खरा निर्णय. ही तपासणी मिनिटभराची असते. पण संकोचापोटी ती अनेकदा टाळली जाते.

प्रश्न असा, की जे सांगू शकत नाहीत त्यांची अस्वस्थता ओळखायची कशी? २००३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांसाठी वेदना मोजण्याची ‘पेनॅड’ ही पद्धत प्रसिद्ध केली. श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देऊन बेरीज दहापर्यंत जाते. वेदना कोठे आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. पोटाची वेदना शोधताना आणखी काही खुणा उपयोगी पडतात. गुडघे पोटाशी घेणे, शौचालयाकडे पुन्हा पुन्हा जाणे किंवा बसवल्यावर लगेच उठणे, मागच्या बाजूला हात नेणे, कपडे बदलताना अंग आखडणे, आणि आवडता पदार्थही तोंडापासून दूर सारणे. यांतील कोणतीही खूण एकटी पुरेशी नाही. पण वागणे अचानक बदलले असेल, तर मेंदूला दोष देण्याआधी पोट आणि लघवी तपासावी, असा जाणकारांचा आग्रह असतो.

आजींच्या घरात सगळ्यात मोठी उणीव होती ती नोंदीची. दिवसा एक मावशी, रात्री दुसरी, सुट्टीच्या दिवशी सून. प्रत्येकीला वाटे, शौच दुसरीच्या वेळेत झाले असेल. हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले, की पातळ मल दिसू लागण्यापूर्वी नऊ दिवस नीट शौच झालेच नव्हते. आता स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर तारखेसमोर वेळ, प्रमाण आणि मलाचे स्वरूप लिहिले जाते. स्वरूपासाठी ‘ब्रिस्टल’ तक्ता सोयीचा आहे. त्यात लेंड्यांसारख्या सुट्या खड्यांना एक, तर पूर्ण पाण्यासारख्या मलाला सात असा आकडा आहे. तीन-चार हे ठीक. तीन दिवस कोरे गेले, की डॉक्टरांना फोन करायचा, असे या घरात ठरले आहे.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा असतो. खाली वाट बंद असताना वरून तीव्र रेचक दिले, तर नुसत्या कळा येतात. म्हणून आधी परिचारिकेने दोन दिवस एनिमा देऊन गुदाशय मोकळा केला आणि नंतर पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची भुकटी रोज सुरू झाली. मूत्रपिंड अधू असेल, तर फॉस्फेटचा एनिमा धोक्याचा ठरू शकतो. त्यामुळे दुकानातून आणून परस्पर देऊ नये. आपल्याकडे लाडक्या असलेल्या इसबगोलाचीही येथे अडचण आहे. तो पुरेशा पाण्याबरोबरच काम करतो. दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीत तो फुगून गोळ्यात भर घालतो. गिळताना ठसका लागणाऱ्यांना लिक्विड पॅराफिन तर देऊच नये. ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनियासारखा आजार होतो.

औषधांची यादीही डॉक्टरांसमोर ठेवावी लागते. आजींना लोहाची गोळी, कॅल्शियम आणि लघवी रोखण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन चालू होते. तिन्हींमुळे मलावरोध वाढतो. ऑक्सिब्युटिनिन स्मृतीलाही घातक. त्यात शांत करणाऱ्या गोळीची भर पडली होती. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके याच यादीत येतात. कोणती गोळी बंद करायची हे मात्र घरच्यांनी ठरवू नये.

बाकीचे काम सवयीचे. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्या वीस-तीस मिनिटांत आजींना कमोडवर बसवले जाते. पाश्चात्त्य कमोडवर पाय लोंबकळतात आणि जोर लागत नाही. उकिडवे बसण्याची सवय असलेल्या पिढीला तर हे अधिकच जड जाते. पायांखाली लाकडी पाट ठेवल्याने गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. दार लोटलेले असते, कोणी घाई करत नाही. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसल्याने पेज, ताक, आमटी असे पातळ पदार्थ दर दोन तासांनी थोडे-थोडे दिले जातात.

पोट फुगून उलट्या होणे, गॅसही न सुटणे, मलात रक्त, ताप किंवा लघवी अडणे, यांपैकी काही दिसले तर कॅलेंडर पाहत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजींची संध्याकाळची तगमग गुदाशय मोकळा झाल्याच्या चौथ्या दिवशी ओसरली. डॉक्टरांनी दोन आठवड्यांत रात्रीची गोळी हळूहळू कमी करून बंद केली आणि ऑक्सिब्युटिनिनही थांबवले. आजार जिथे होता तिथेच आहे. पण डायपर बदलताना मावशींना आता फटके बसत नाहीत.