बीमखालच्या दोन आकृत्या

घर बांधायला काढलं की आर्किटेक्टचे नकाशे सगळं घर हौसेनं पाहतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे हिशेबाचे कागद मात्र फाइलमध्ये तसेच राहतात. त्यातल्या एखाद्या पानावर एक आडवी रेघ असते, तिच्या दोन्ही टोकांना आधार आणि वर बाणांची रांग. हा बीम. त्याच्याखाली दोन आकृत्या असतात. पहिली तिरकी उतरत जाणारी, मध्येच पायरीसारखी तुटणारी. दुसरी कमानीसारखी. पहिली शिअर फोर्सची, दुसरी बेंडिंग मोमेंटची. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही त्या वाचता येतात.

एक साधा बीम घेऊ. सहा मीटर लांब, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला. स्लॅब, वरची भिंत आणि बीमचं स्वतःचं वजन मिळून दर मीटरला 2 टन भार सारखा पसरलेला आहे. शिवाय डाव्या टोकापासून 2 मीटरवर एक आडवा बीम येऊन टेकला आहे आणि तो त्या एकाच जागी 3 टन भार देतो. (कागदावर हे आकडे किलोन्यूटनमध्ये असतील, 10 किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन.) आता सांगा, वाकवणारा जोर सर्वांत जास्त कुठे असेल? बहुतेक जण म्हणतील, बरोबर मध्यावर. काही म्हणतील, त्या 3 टनांच्या खाली. इथे दोन्ही उत्तरं चुकतात.

आधी आधारांवर किती भार जातो ते पाहू. पसरलेला भार एकूण 12 टन, तो दोन्हीकडे सहा-सहा वाटला जातो. 3 टनांचा भार डाव्या आधाराच्या जवळ आहे, म्हणून त्यातले 2 टन डावीकडे आणि 1 टन उजवीकडे. म्हणजे डावा आधार 8 टन आणि उजवा 7 टन उचलून धरतो. बेरीज 15, वरचा भारही 15. ही बेरीज जुळली नाही तर पुढच्या आकृत्या पाहण्यात अर्थ नाही.

शिअरची आकृती म्हणजे पासबुकातल्या शिल्लकेचा रकाना. डाव्या टोकाला आधारानं 8 टन जमा केले, म्हणून रेघ शून्यावरून सरळ 8 वर उडी मारते. मग पसरलेला भार दर मीटरला 2 टन खर्च करत जातो आणि रेघ तिरकी उतरते. 2 मीटरवर 4 शिल्लक. तिथे एकरकमी 3 टन गेले, म्हणून रेघ उभी खाली येते आणि 1 उरतो. पुढे उतार पहिल्याइतकाच, कारण भाराचा दर बदललेला नाही. उरलेला 1 टन संपायला अर्धा मीटर पुरतो, म्हणजे 2.5 मीटरवर रेघ शून्याला छेदते. तिथून ती खालच्या बाजूला जाते आणि उजव्या टोकाला उणे 7 होते. उजवा आधार 7 जमा करतो आणि खातं बंद. पायरी दिसली की तिथे एकवटलेला भार आहे आणि पायरीची उंची म्हणजेच तो भार. भार नसलेल्या जागी पायरी दिसली, किंवा टोकाला खातं शून्यावर मिटलं नाही, तर हिशेबात खोट आहे.

दुसरी आकृती पहिलीतूनच निघते. कोणत्याही जागचा बेंडिंग मोमेंट म्हणजे डाव्या टोकापासून तिथपर्यंत शिअरच्या आकृतीचं क्षेत्रफळ. पहिल्या 2 मीटरांत शिअर 8 वरून 4 वर येतो, सरासरी 6, म्हणजे क्षेत्रफळ 12. तिथे मोमेंट 12 टन-मीटर. पुढच्या अर्ध्या मीटरात एक चिमुकला त्रिकोण, 0.25 चा. 2.5 मीटरवर मोमेंट 12.25. त्यानंतर शिअर उणे होतो, म्हणजे क्षेत्रफळ वजा होऊ लागतं. 3 मीटरवर, अगदी मध्यावर, मोमेंट पुन्हा 12 झालेला असतो आणि उजव्या टोकाला शून्य. शिअर जिथे शून्याला छेदतो तिथेच मोमेंटचा माथा असतो, तो यामुळे.

कमानीकडे नीट पाहिलं तर 2 मीटरवर तिला एक कोपरा दिसेल. तिथे शिअर एकदम 4 वरून 1 वर येतो, म्हणून चढ अचानक मंदावतो. एरवी रेघ वक्र असते, कारण पसरलेला भार चढ सतत बदलत असतो. पसरलेल्या भाराखाली मोमेंटची रेघ सरळ दिसली, तर तो भार हिशेबात धरायचाच राहिलेला असतो.

गंमत पुढे आहे. तो 3 टनांचा भार काढून टाकला तर माथा बरोबर मध्यावर, 3 मीटरवर येतो. भार हळूहळू वाढवला की माथा भाराकडे सरकू लागतो. भार 6 टन झाला की तो थेट भाराखाली येऊन पोचतो. मग 8 टन ठेवा की 10, माथा तिथून हलत नाही, नुसता उंच होतो. कारण आता शिअरची रेघ त्या उभ्या पायरीतच शून्य ओलांडते. म्हणून उत्तर अंदाजानं देऊ नये, पहिली आकृती पाहून द्यावं.

12.25 टन-मीटर म्हणजे प्रत्यक्षात काय? बीम 60 सेंटिमीटर खोल आहे असं धरा. वरचं काँक्रीट दाबलं जातं आणि खालच्या सळया ताणल्या जातात. त्या दोन जोरांमध्ये सुमारे 45 सेंटिमीटर अंतर असतं. 12.25 ला 0.45 नं भागलं की 27 टन येतात. खालच्या सळयांना त्या जागी एवढी ओढ सोसायची असते. शिअर मात्र तिथे शून्य आणि आधाराजवळ सर्वांत जास्त असतो. तो काँक्रीटला तिरक्या भेगा पाडायला पाहतो आणि त्यांना अडवायला रिंगा असतात. टोकांकडे रिंगा दाट आणि मध्ये विरळ का बांधतात, याचं कारण पहिल्या आकृतीत आहे.

आपला बीम नुसता टेकलेला होता. खऱ्या इमारतीत बीम कॉलमबरोबर एकसंध ओतलेला असतो, त्यामुळे टोकं मोकळेपणानं वळू शकत नाहीत. तिथे मोमेंट उलटा होतो, बीमची वरची बाजू ताणली जाते आणि सळया वरून लागतात. आकृतीत टोकांजवळ कमान रेघेच्या पलीकडे गेलेली दिसेल. मात्र कोणती बाजू कशी काढायची याचे दोन प्रघात आहेत: काही जण मोमेंट ताणाच्या बाजूला काढतात, काही नेमका उलट. आकृती वाचण्याआधी कागदावर कोणता धरला आहे ते विचारावं. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली या वरच्या सळया दबून खाली गेल्या, तर कागदावरचा हिशेब बिनचूक असूनही बीम वरून तडकतो.

एसीच्या पाइपसाठी किंवा ड्रेनेजसाठी बीमला भोक पाडायची वेळ आली, तर आधी इंजिनिअरकडून या दोन आकृत्या मागवा. कॉलमजवळ शिअर जास्त, मध्याच्या आसपास खालच्या सळयांवर ओढ जास्त. जागा त्यांनीच आखून द्यावी; तोपर्यंत प्लंबरला ड्रिल लावू देऊ नका.