ऑर्डर पक्की, भाव कच्चा

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याला याच तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून दरवर्षी बॅनर लागतात, पाहुणे येतात, ‘जागो ग्राहक’ होतं आणि चहा-बिस्किटांनंतर सगळे घरी जातात. यंदा मला त्या भाषणांचा जास्तच कंटाळा आला. कारण ज्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात मी शनिवारी बसतो, तिथं दिवाळीनंतर एकाच साच्याच्या तक्रारी येत होत्या. सेलमध्ये वस्तू घेतली, ‘ऑर्डर कन्फर्म’ असा मेसेज आला, पैसे खात्यातून गेले, आणि तीन-चार दिवसांनी निरोप आला की किंमत चुकून कमी पडली होती, ऑर्डर रद्द केली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. यातल्या बहुतेकांना घरच्यांनीच एक वाक्य ऐकवलं होतं: पैसे परत मिळाले ना, मग भांडताय कशाला?

हे वाक्य दहा-बारा वर्षांपूर्वी इतक्या सहज कुणाच्या तोंडी येत नव्हतं. म्हणून हा मागोवा.

ऑनलाइन खरेदीच्या सुरुवातीच्या वर्षांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ‘बाझी’ ही साइट होती, २००४ साली ती ‘ईबे’ने घेतली. २००७ साली फ्लिपकार्टने पुस्तकांपासून सुरुवात केली. तेव्हा ऑनलाइन मागवायचं म्हणजे पुस्तक आणि फार तर पेन ड्राइव्ह. सूटही बेताची असे, त्यामुळे चुकीचा भाव पडला तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

खरी गंमत २०१४ला सुरू झाली. ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टची ‘बिग बिलियन डे’ झाली. साइट बसली, भाव डोळ्यांदेखत बदलले, घेतलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना माफीचा ईमेल पाठवला आणि भाव बदलल्याचं, ऑर्डरी रद्द झाल्याचं त्यात कबूल केलं. आमच्यातल्या काहींना त्या माफीचं फार कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. माफी मागितली, पण रद्द केलेल्या ऑर्डरी त्या भावाने पुऱ्या करू असं काही म्हटलं नाही. पुढच्या दहा वर्षांचा पायंडा तिथंच पडला: दिलगिरी मोफत, माल नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने अॅमेझॉनवर १९० रुपयांत लॅपटॉप मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचं त्याला कळवलं गेलं आणि मग भावात घोळ झाल्याचं सांगून ती रद्द झाली. गडी ग्राहक मंचात गेला. कंपनीचं म्हणणं नेहमीचंच होतं: आम्ही फक्त बाजारपेठ चालवतो, करार विक्रेत्याशी आहे. मंचाने ते ऐकलं नाही, आणि २०२१ साली राज्य आयोगाने भरपाई वाढवून एकूण ४५ हजार रुपयांवर नेली. मधल्या काळात पंजाबातल्या संगरूरच्या मंचाने स्नॅपडीलला ६८ रुपयांत दाखवलेला आयफोन त्याच ६८ रुपयांत द्यायला सांगितला होता.

या दोन बातम्यांनी फायदा केला आणि नुकसानही. फायदा असा की कन्फर्म केलेली ऑर्डर मोडणं ही सेवेतली त्रुटी आहे, हे लोकांना कळलं. नुकसान वर्तमानपत्रांनी केलं. ‘६८ रुपयांत आयफोन’ असे मथळे आल्यामुळे अशी तक्रार करणारा म्हणजे फुकटा, अशी समजूत झाली. त्या काळात एका संपादकाने मला ऐकवलं होतं की तुमचे ग्राहक लोभी आहेत. त्यांना तेव्हा दिलेलं उत्तर आज पुन्हा देतो. १९० रुपयांचा लॅपटॉप हा अपवाद आहे. रोजची तक्रार असते २८ हजारांचं मशीन २२ हजारांत दाखवून नंतर हात वर करण्याची. सेलच्या दिवसांत तो भाव कुणालाही खरा वाटेल, कारण तो खरा वाटावा म्हणूनच जाहिरात केलेली असते.

कायदा इथं नेमकं काय म्हणतो? १८७२च्या करार कायद्याचं २२वं कलम सांगतं की एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्याच कारणाने करार मोडता येत नाही. चूक दोघांची असेल तर २०व्या कलमाने करार रद्द ठरतो; एकट्या विक्रेत्याची असेल तर नाही. याला मर्यादा आहे, आणि ती मी कुणापासून लपवत नाही. सिंगापूरमध्ये २००३ साली एका साइटवर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. कोर्टाने त्यांना हाकलून दिलं, कारण ही चूक आहे हे त्यांना माहीत होतं आणि माहीत असून त्यांनी हात मारला होता. आपल्या आयोगापुढेही हा मुद्दा निघतोच. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: भाव जितका विश्वास बसण्याजोगा, तितकी तक्रार भक्कम. नग एकच मागवलेला असावा, आणि तोही घरच्या वापरासाठी.

कंपन्याही या दशकात शिकल्या, पण धडा बाहेरचा होता. ब्रिटनमध्ये २००२ साली कोडॅकने ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांना दाखवला. त्यांच्या आपोआप गेलेल्या ईमेलचा अर्थ ‘ऑर्डर स्वीकारली’ असा होत होता, म्हणून शेवटी कंपनीला कॅमेरे द्यावे लागले. पुढच्याच वर्षी अॅमेझॉनच्या ब्रिटिश साइटवर एक खिशातला संगणक १० पौंडांच्या आत दिसला, तेव्हा कंपनीने अटींकडे बोट दाखवून नकार दिला: माल रवाना होईपर्यंत करारच होत नाही. हेच कलम आज आपल्याकडच्या मोठ्या साइटींच्या अटींत सापडतं. तुमची ऑर्डर म्हणजे तुमचा प्रस्ताव, आमचा ईमेल म्हणजे फक्त पोच. पैसे मात्र पहिल्या मिनिटाला कापलेले असतात.

यावर २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक हत्यार दिलं. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार मोडू देणारी अट ‘अन्याय्य करार’ ठरू शकते. पण ती तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. एका मशीनसाठी तिथं जाणं सामान्य माणसाला परवडत नाही. म्हणून जिल्हा आयोगात आम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडतो, आणि विक्रेता व साइट दोघांनाही प्रतिपक्ष करतो. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांकडून मला फार आशा होत्या. त्यात आलं एवढंच की साइट स्वतः ऑर्डर रद्द करताना तसाच दंड सोसत नसेल, तर ग्राहकाने रद्द केल्यावर तिने त्याच्याकडून तो घेऊ नये. ऑर्डर रद्दच करू नका असं कुठंही नाही. उपयोगाची तरतूद एकच: तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा.

आता यंदाचं एक उदाहरण, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते कळेल. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी कपडे धुण्याचं मशीन २१,९९० रुपयांना मागवलं, पैसे यूपीआयने भरले. तिसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला: “मॅडम, रेट चुकून पडलाय. तुम्हीच अॅपवरून कॅन्सल करा, रिफंड लवकर येईल.” सगळी मेख या फोनमध्ये आहे. विक्रेत्याने रद्द केलं तर साइटवर त्याच्या नावावर रद्द ऑर्डरींचं प्रमाण वाढतं. तुम्ही रद्द केलं तर नोंद होते ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’, आणि तुमची तक्रार तिथंच मरते. वहिनींनी नकार दिला. मग पाचव्या दिवशी विक्रेत्यानेच रद्द केलं, आणि त्याच संध्याकाळी तेच मशीन त्याच विक्रेत्याकडे २८,४९० रुपयांना दिसू लागलं.

खरी चूक ओळखू येते. शून्य गळलेलं असतं, किंवा कुपन, बँकेची सूट आणि विक्रेत्याची सूट एकावर एक चढलेली असते. लिस्टिंग काही तासांत उतरतं आणि सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम रद्द होतात. पाच दिवस वाट बघून, सेल संपता संपता, भाव वाढवून तीच वस्तू विकणं याला चूक म्हणत नाहीत. आमच्या भुसार दुकानदाराच्या बिलाखाली ‘चूकभूल देणे घेणे’ छापलेलं असे आणि तो दोन्ही बाजूंनी पाळत असे.

वहिनींनी ऑर्डरचा ईमेल, पैसे कापल्याचा मेसेज, रद्द झाल्याची सूचना आणि नव्या भावाचा तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेवला. परतावा आल्यावर तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं की तो हक्क राखून स्वीकारला आहे. उत्तरादाखल ५०० रुपयांचं कुपन आलं, ते त्यांनी वापरलं नाही, कारण ते घेतलं की तक्रार मिटली असं लिहिलं होतं. मग ठाण्याच्या दुकानातून तेच मॉडेल २७,८०० रुपयांना घेतलं आणि पक्कं बिल घेतलं. मागणी ठरली फरकाची: ५,८१० रुपये, शिवाय मनस्ताप आणि खर्च. हा हिशेब आमचा नाही. करार कायद्याच्या ७३व्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण ५० मण सोऱ्याचं आहे: विकणाऱ्याने शब्द मोडला तर ठरलेला भाव आणि त्या वेळचा बाजारभाव यांतला फरक घेणाऱ्याला मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी सोऱ्याला जे मिळत होतं, ते आज मशीनला मागायला लोक लाजतात, याचं मला वाईट वाटतं.

आयोग प्रत्यक्ष वस्तू द्यायला लावेलच असं नाही. ओडिशातही मिळाली ती भरपाईच. पण फरक मागणारा माणूस लोभी दिसत नाही, आणि त्याच्याकडे दुकानाचं बिल असतं. पूर्वी कंपनीचे वकील ‘आमचं ऑफिस बंगळुरूला’ म्हणून हद्दीचा वाद घालत. नव्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर असली तरी चालतं, कारण द्यायचा कबूल केलेला मोबदलाही कायद्याला पुरतो.

यंदाच्या सेलमध्ये ज्यांची ऑर्डर अशी रद्द झाली असेल, त्यांनी रिफंड आला म्हणून ईमेल डिलीट करू नये. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, मग ई-जागृती पोर्टलवर तक्रार. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.