दुपारी उतरलेली धाप संध्याकाळी का परतते?

दिवाळीच्या आधीचा आठवडा. चाळिशीच्या एका बाई सकाळी अकरा वाजता माळा झाडायला चढतात. जुन्या गाद्या, गोधड्या, वर्षभराची धूळ. पंधरा-वीस मिनिटांत छाती आवळते, सुंई-सुंई आवाज सुरू होतो. बारा वाजता त्या कॅज्युअल्टीत पोचतात. नेब्युलायझरने साल्ब्युटामॉलची वाफ दिली जाते आणि अर्ध्या तासात त्या हसून बोलू लागतात. घरी पाहुणे यायचे असतात, म्हणून थांबायचा सल्ला न जुमानता निघून जातात. संध्याकाळी सात वाजता मात्र त्यांना दोघांनी धरून परत आणावं लागतं, आणि या वेळी तीच वाफ दुपारइतकी लागू पडत नाही.

असा रुग्ण नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना लवकरच भेटतो. औषध तेच, माणूस तोच, मग फरक कशाचा?

श्वासनलिकेच्या छोट्या शाखांभोवती गुळगुळीत स्नायूंचे वेढे असतात. बटव्याची नाडी ओढली की तोंड आवळतं, तसे हे वेढे आकसले की नळी आतल्या बाजूला चिमटते. नळीच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडं चिकटून तयारच बसलेली असतात. गादीतल्या धुळीत अतिसूक्ष्म माइट्स आणि त्यांची विष्ठा असते. त्यातली प्रथिनं आयजीईला भिडली की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामीन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात आणि नाडी ओढली जाते. साल्ब्युटामॉल नेमकी हीच नाडी सैल करतं, तेही पाचेक मिनिटांत. दुपारचा चमत्कार एवढाच होता.

पण मास्ट पेशींनी जाता जाता हाकाटीही केलेली असते. ती ऐकून रक्तातल्या इओसिनोफिलसारख्या पेशी नळीच्या भिंतीत शिरतात, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि अस्तर सुजतं. याला साधारण चार ते आठ तास लागतात. आता घड्याळ बघावं. अकराच्या धुळीची सूज दुपारी तीन ते सातच्या दरम्यान वर येते, आणि बाराला घेतलेल्या साल्ब्युटामॉलचा अंमल चार ते सहा तासांत ओसरतो. एक उतरत असतं, दुसरं चढत असतं. स्नायू सैल करणारं औषध सुजलेल्या भिंतीला पातळ करू शकत नाही.

भिंतीची जाडी थोडीशीच वाढली तरी एवढा त्रास का, हे भौतिकशास्त्र सांगतं. प्रवाह सरळ असेल तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो.

तिसरा भिडू म्हणजे चिकट कफ. सूज असलेल्या अस्तरातल्या गॉब्लेट पेशी तो जास्त बनवतात. त्यात झिरपलेली प्रथिनं आणि मेलेल्या पेशी मिसळल्या की तो घट्ट होतो, आणि अस्तरावरच्या केसांसारख्या सिलियांना तो वर ढकलणं जमत नाही. दम्याने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात अशा बुचांनी ठासलेल्या नळ्या दिसतात.

रुग्ण म्हणतो, ‘‘सिस्टर, श्वास आत जातच नाही.’’ खरी अडचण बहुधा उलटी असते. श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्याही ताणून उघडतात. सोडताना त्या दाबल्या जातात. त्यामुळे हवा आत अडकत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. घरघर जास्त करून उच्छ्वासाला ऐकू येते ती म्हणूनच.

ही घरघर अचानक थांबली आणि रुग्ण तरीही थकलेला, गुंगीत दिसत असेल, तर ‘आराम पडला’ असं लिहिण्याची घाई नको. आवाज व्हायलासुद्धा हवा वाहावी लागते. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचंही तसंच: भराभर श्वास घेणाऱ्याच्या रक्तात तो कमी असायला हवा. तीव्र झटक्यात तो ‘नॉर्मल’ आला, तर श्वासाचे स्नायू दमत चालल्याची ती खूण असते आणि डॉक्टरांना लगेच बोलवावं लागतं.

संध्याकाळी त्या बाईंना ऑक्सिजन, पुन्हा पुन्हा वाफ आणि स्टेरॉइड सुरू झालं. नातेवाइकांनी विचारलं, वाफेने बरं वाटतं तर ही गोळी कशाला? स्टेरॉइड सूज उतरवतं, पण त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात. म्हणून ते पहिल्या तासातच द्यायचं असतं. दुपारी त्या थांबल्या असत्या, तर सूज चढायच्या आत हे औषध पोटात गेलं असतं.

रात्री उशिरा त्या सलग एक वाक्य बोलू शकल्या. कफ मात्र सर्वांत शेवटी हलला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोकल्याच्या उबळीसरशी किडनी ट्रेमध्ये एक पांढुरका, चिवट तुकडा पडला. शेवयीएवढा जाड, टोकाला दोन फाटे फुटलेला, ज्या नळीत तो अडकला होता तिच्याच आकाराचा.